लेबल विनंतीनं टिकत नाही

घरगुती मसाले, सुकेळी किंवा सुकी मासळी विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला सध्या एक सल्ला हमखास मिळतो. वस्तूचा फोनवर साधा फोटो काढा, तो एआयच्या एखाद्या टूलमध्ये टाका आणि खाली लिहा : मागे संध्याकाळचा समुद्रकिनारा दाखव, लाकडी टेबल ठेव, बाजूला जेवणाचं ताट मांड, पण बाटलीचा आकार आणि लेबल अजिबात बदलू नकोस. अर्ध्या मिनिटात चित्र तयार होतं. फोटोग्राफर नको, स्टुडिओ नको, वसई तालुक्यातल्या कळंबच्या वाळूत टेबल नेऊन मांडण्याची खटपट नको. या सल्ल्याचा पहिला भाग बरोबर आहे, आणि कमी भांडवलाच्या माणसाला तो उपयोगीही आहे. माझा आक्षेप शेवटच्या अर्ध्या वाक्यावर आहे. ‘लेबल बदलू नकोस’ असं लिहिल्यानं लेबल बदलायचं राहत नाही. ही हुकमाची बाब नसून कामाच्या पद्धतीची बाब आहे. लेबल जसंच्या तसं हवं असेल, तर ते एआयच्या हातात जाऊच द्यायचं नाही, हा एकच खात्रीचा मार्ग आहे.

नेमकं काय बिघडतं हे पाहायला एक बाटली समोर घेऊ. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन घरांमधला बॉटल मसाला महाराष्ट्राला ठाऊक आहे. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाल्याचे जिन्नस कडक वाळवायचे, भाजायचे, कुटायचे आणि गडद तपकिरी काचेच्या बियरच्या बाटल्यांत ठासून भरायचे, अशी त्याची जुनी रीत. काच गडद असल्यानं उजेड आत कमी शिरतो आणि मसाल्याचा रंग व वास टिकतो. म्हणजे इथे बाटली हा मसाल्याच्या ओळखीचाच भाग आहे. हा मसाला आज बरण्यांत आणि पाकिटांतही मिळतो, पण आपल्या उदाहरणातल्या विक्रेतीनं उंच मानेची बाटलीच ठेवली आहे असं समजू. तिच्यावर मराठी-इंग्रजी लेबल आहे, खाली कळंबचा पत्ता आहे, आणि गिऱ्हाईक ऑनलाइन फोटो पाहून मागणी नोंदवणार आहे. आकार आणि लेबल दोन्ही महत्त्वाचे ठरणारी याहून चांगली वस्तू वसई तालुक्यात शोधून सापडणार नाही.

आता थोडं गणित. मोठी, 650 मिलिलिटरची बाटली साधारण 29 सेंटिमीटर उंच असते. एआयच्या टूलनं 1024 पिक्सेल उंचीचं चित्र दिलं आणि त्यातली ऐंशी टक्के उंची बाटलीनं व्यापली, तर बाटलीला सुमारे 820 पिक्सेल मिळाले. म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम 2.8 पिक्सेल. लेबलावर निव्वळ वजनाचा आकडा 2 मिलिमीटर उंच छापला असेल, तर चित्रात तो सहा पिक्सेलपेक्षाही कमी उंच. अनुस्वाराचा टिंब अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो. त्याच्या वाट्याला एखादाच पिक्सेल येतो. दुसरीकडे, 2022 साली खुल्या झालेल्या स्टेबल डिफ्यूजनपासून पुढची बरीच मॉडेल्स चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी ती चित्राचा एक आकुंचित गोषवारा करतात, त्यावर काम करतात आणि शेवटी तो गोषवारा पुन्हा पूर्ण चित्रात उलगडतात. त्या पहिल्या मॉडेलात 512 गुणिले 512 पिक्सेलच्या चित्राचा गोषवारा 64 गुणिले 64 घरांचा होता. म्हणजे आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन हे एक घर, आणि त्या घरातली सगळी माहिती चार आकड्यांत. आपल्या बाटलीवरचा वजनाचा आकडा तर अशा एका घराइतकाही उंच नाही. उलगडताना मॉडेल तो आकडा वाचून पुन्हा लिहीत नाही. त्या जागी काळ्या रेघांसारखं काहीतरी होतं एवढंच त्याला उरलेलं असतं, आणि त्यावरून ते शोभेशा रेघा काढतं.

या यंत्रणेतून फोटो नुसता आत घालून बाहेर काढला, काहीही नवं काढायला सांगितलं नाही, तरी बारीक अक्षरं हलतात. ‘लेबल बदलू नकोस’ हे वाक्य मॉडेलला समजतं की नाही, हा वाद म्हणूनच गैरलागू आहे. समजलं तरी पाळायला त्याच्याकडे मूळ लेबल उरलेलंच नसतं. पुढच्या काही मॉडेल्समध्ये प्रत्येक घरात चारऐवजी सोळा आकडे साठवतात, त्यामुळे अक्षरं पुष्कळच सुधारली. पण घर आठ बाय आठचंच राहिलं, तर सहा पिक्सेलच्या अक्षराची हमी कुठून येणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं : ही जुनी गोष्ट झाली, आताची मॉडेल्स लेबल छान राखतात. ती राखतात ते ठळक नाव. ‘बॉटल मसाला’ ही मोठी अक्षरं, पट्टीचा लाल रंग, वरचं मिरचीचं चित्र, हे सगळं बरंचसं बरोबर येतं आणि पाहणाऱ्याचं समाधान होतं. फसगत इथेच आहे. जुन्या मॉडेलची चूक ओरडून सांगायची : अक्षरांच्या जागी किडेमुंग्या दिसायच्या आणि कोणीही ते चित्र टाकून द्यायचं. नव्या मॉडेलची चूक सुवाच्य असते. अन्नसुरक्षा क्रमांक चौदा अंकांचा असतो. चित्रात चौदाच अंक दिसतात, सरळ ओळीत, नीट छापल्यासारखे, फक्त त्यातल्या 3 चा 8 झालेला असतो. ‘मसाला’चा काना जागच्या जागी असतो, पण ‘कळंब’वरचा अनुस्वार गळतो. देवनागरीत हा धोका रोमन लिपीपेक्षा जास्त आहे. आपली लिपी शिरोरेघेच्या वर, खाली आणि पोटात अशी तीन मजल्यांवर बारीक खुणा वाहते, आणि वेलांटीची दिशा किंवा जोडाक्षराचा अर्धा भाग बदलला तरी दुरून शब्दाचा आकार जवळपास तोच दिसतो. मॉडेल सुधारतं तशी चूक कमी होते हे मान्य. पण उरलेली चूक शोधणं तितकंच अवघड होतं. पन्नास चित्रांतल्या सत्तेचाळिसांत लेबल शाबूत आणि तिनांत एकेक अंक चुकलेला, ही स्थिती पन्नासही बिघडण्यापेक्षा धोक्याची आहे, कारण ती तीन चित्रं पाहून कोणालाच शंका येत नाही.

अंक चुकला तर चुकला, जाहिरातीतलं बारीक लेबल वाचतो कोण? हा आक्षेप दुकानाच्या फळीपुरता खरा होता. तिथे माणूस बाटली उचलून फिरवून वाचतो. जाहिरात वेगळी आणि वस्तू वेगळी. ऑनलाइन विक्रीत फोटो हीच फळी असते. पाकीटबंद वस्तूंच्या वजनमापाच्या 2011 च्या नियमांत 2017 साली दुरुस्ती झाली, आणि 1 जानेवारी 2018 पासून निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता यांसारखा तपशील विक्रीच्या पानावरही दाखवणं बंधनकारक झालं. लिहिलेल्या मजकुरात 250 ग्रॅम आणि शेजारच्या फोटोत 350 ग्रॅम असलं तर गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवणार? शाकाहाराची खूण घ्या. हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल ही शाकाहारी पदार्थाची खूण. मांसाहारी पदार्थाला 2020 च्या नियमांपासून चौकटीत तपकिरी त्रिकोण. बाटली एवढ्या लहान आकारात दिसते तेव्हा ही चौकट मोजक्याच पिक्सेलची. मावळतीचा सोनेरी उजेड सगळ्या चित्रावर पसरवताना मॉडेल त्या हिरव्याला तपकिरीकडे ढकलतं. मसाल्याच्या बाटलीवर तपकिरी खूण दिसली की शाकाहारी घरातला माणूस पुढचं पान उघडतो, आणि आपलं गिऱ्हाईक कशानं गेलं हे विक्रेतीला कधीच कळत नाही.

मग करायचं काय? काम दोन थरांत वाटायचं. बाटली हा एक थर, फोटोतून कापून घेतलेला, पारदर्शक पार्श्वभूमीचा. दृश्य हा दुसरा थर. तो एआयनं काढायचा. दृश्य काढताना बाटलीचा फोटो कॅनव्हासवर तिच्या जागी ठेवलेला असावा, म्हणजे टेबल, सावली आणि उजेड तिच्याभोवती जुळतील. मास्क लावून फक्त बाटलीबाहेरचा भाग रंगवायला द्यायचा. इथे बरेच जण थांबतात आणि मास्कनं बाटली वाचली असं समजतात. पण मास्क लावला तरी पूर्ण चित्र त्याच आकुंचन-उलगडण्यातून बाहेर येऊ शकतं, आणि मास्कच्या आतलं लेबलही हळूच घोटलं जातं. काही टूल्स शेवटी मूळ पिक्सेल आपणहून परत चिकटवतात, काही चिकटवत नाहीत. म्हणून ती पायरी स्वतः करावी : तयार दृश्यावर मूळ बाटली त्याच जागी पुन्हा ठेवायची. 2048 पिक्सेलच्या चौकोनी चित्रात 424 पिक्सेल रुंद आणि 1640 उंच अशी बाटली ठरलेल्या जागी बसवायची असेल, तर इमेजमॅजिक या मोफत प्रोग्रॅममध्ये हे काम एका ओळीचं आहे. त्यानंतरच्या ओळी लेबलाचा तुकडा दोन्हीकडून कापून त्यांची तुलना करतात :

```
magick scene.png bottle.png -geometry +820+250 -composite final.png
magick bottle.png -crop 340x508+42+950 +repage a.png
magick final.png -crop 340x508+862+1200 +repage b.png
magick compare -metric AE a.png b.png diff.png
```

शेवटची ओळ एक आकडा देते : किती पिक्सेल वेगळे आहेत. तो शून्यच यायला हवा. पाच नाही, पन्नास नाही, शून्य. शून्य आला की ‘लेबल बदललं नाही’ हे वाक्य मत राहत नाही, मोजमाप होतं. त्यासाठी दोन पथ्यं आहेत. बाटलीचा फोटो हव्या त्या आकाराला एकदाच लहान करायचा आणि तुलना त्या लहान केलेल्या प्रतीशी करायची. आणि हे सगळं पीएनजीमध्ये उरकायचं, कारण जेपीईजी साठवताना पिक्सेल स्वभावतःच थोडे हलतात. जेपीईजी अगदी शेवटी, वेबसाइटवर चढवताना. हीच तपासणी एआयकडून सबंध नव्यानं काढून घेतलेल्या चित्रावर केली तर आकडा हजारोंत येईल, चित्र डोळ्यांना कितीही हुबेहूब वाटो.

इथे समोरच्या बाजूचा एक आक्षेप वजनदार आहे. कापून चिकटवायचंच असेल तर ते काम फोटोशॉपवाले तीस वर्षं करत आले आहेत, आणि चिकटवलेली बाटली चिकटवलेलीच दिसते. एआय सबंध चित्र एका हातानं काढतो, म्हणून त्यात वस्तू दृश्यात मुरलेली दिसते. आणि लेबलाच्या हट्टापायी तोच फायदा गमवायचा का? आक्षेपात निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकीचा. बाटली उपरी दिसते ती पिक्सेल मूळचे आहेत म्हणून नव्हे. फोटो आणि दृश्य यांचा उजेड व कॅमेऱ्याची उंची जुळत नाही म्हणून. या दोन्ही गोष्टी दृश्याकडून जुळवून घेता येतात. फक्त उलट्या दिशेनं जावं लागतं : आधी मनातलं दृश्य आणि मग त्यात बाटली असं न करता, आधी बाटलीचा फोटो नीट वाचायचा आणि त्याला साजेसं दृश्य मागायचं.

कळंबचाच किनारा मागे हवा असेल तर क्षितिजाची रेघ कुठे येते ते पाहा. समुद्राचं क्षितिज चित्रात नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर दिसतं. आणि फोटो काढताना कॅमेरा किती उंच होता याची साक्ष बाटली स्वतः देते. बाटलीवरचं प्रत्येक वर्तुळ, म्हणजे तळ, लेबलाची वरची-खालची कड, बुचाची कड, कॅमेऱ्याच्या वर असेल तर एका बाजूनं वाकलेलं दिसतं, खाली असेल तर दुसऱ्या बाजूनं. आणि जे नेमकं कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं ते सरळ रेघ होतं. लेबलाची वरची कड सरळ दिसत असेल, तर समुद्राची रेघ तिच्याच मागून जायला हवी. बुचाचा माथा दिसत असेल, म्हणजे फोटो वरून काढला असेल, तर क्षितिज बुचाच्याही वर हवं. एआय स्वतःहून ते चित्राच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात टाकून मोकळा होतो, कारण सुंदर किनाऱ्याच्या फोटोंत ते तिथे असतं. मग बाटली टेबलावरून पुढे घसरल्यासारखी दिसते, आणि काय खटकतंय हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. उजेडाचंही तसंच. फोटो पडवीतल्या मऊ सावलीत काढला असेल तर मागे तिरपी कडक उन्हं मागू नयेत. ढगाळ दुपार मागावी, सुरूच्या झाडांखालची सावली मागावी. आणि खरोखर कळंबच मागावं : करडी वाळू, गढूळसर पाणी, सुरू. नाहीतर मॉडेल पांढरी वाळू आणि निळंशार पाणी काढून मालदीव उभं करतं, आणि पत्ता मात्र वसई तालुक्याचा. पडणारी सावली आणि टेबलावरचं अंधुक प्रतिबिंब बाटलीच्या बाहेर पडतं, त्यामुळे ते रंगवायला एआयला पूर्ण मुभा असते, आणि ते तो चांगलं रंगवतो. एआयचं खरं कसब इथे वापरायला मिळतं, लेबलाला हात न लावता.

आकाराचं दुखणं याहून वेगळं आहे. मास्कच्या बाहेर रंगवणाऱ्या मॉडेलला खोड असते, दिसणारी वस्तू अपुरी समजून ती पुढे वाढवायची. त्याचं कारण शिकवणीत आहे. चित्रातले वाटेल ते तुकडे झाकून ते भरून काढायला या मॉडेल्सना शिकवलेलं असतं, आणि झाकलेल्या तुकड्यात बरेचदा समोरच्या वस्तूचाच उरलेला भाग असतो. त्यामुळे आपली अख्खी बाटली मॉडेलला अर्धवट वाटते. ते तिच्या तळाला आणखी एक जाड बैठक जोडतं, खांद्याला फुगवटा आणतं, कधी बाजूला कानही काढतं. त्यावर मूळ बाटली चिकटवली तरी तो जादा भाग कडेनं डोकावतो, आणि सरळ खांद्याची बाटली एकदम बुटकी, सरबताच्या शिशीसारखी दिसू लागते. लेबलाची शून्य-तपासणी इथे आंधळी आहे, कारण लेबल तर जागेवर असतं. उपाय असा : तयार चित्रातून बाटली नव्यानं कापून घ्यायची, म्हणजे पार्श्वभूमी काढणाऱ्या टूलला ‘आता बाटली कुठवर आहे?’ हे नव्यानं ठरवायला लावायचं, आणि तो आकार मूळ मास्कवर ठेवून पाहायचा. केसाएवढी कड इकडेतिकडे झाली तर हरकत नाही. तळाशी वा खांद्याशी सलग पट्टा बाहेर आला तर ते चित्र टाकायचं. दुरुस्त करत बसू नये. दृश्य पुन्हा काढून घेणं स्वस्त पडतं.

आणि काच. माझ्या बाजूची पद्धत जिथे खरोखर अडते ती जागा ही. मसाल्यानं भरलेला भाग अपारदर्शक, तिथे प्रश्न नाही. पण भरलेल्या मसाल्यापासून बुचापर्यंतची मान मोकळी असते, तिच्यातून पलीकडचं दिसतं. फोटो पांढऱ्या कागदापुढे काढला असेल, तर मानेत तो पांढरा कागद अडकून येतो, आणि मागे समुद्र असूनही मानेतून मात्र कागद दिसतो. मूळ पिक्सेल जपायचे या नियमाला चिकटलो तर चित्र खोटं दिसतं. नियम सोडला तर आकाराला धोका. यावर मला पटणारी तडजोड अशी : लेबल, बूच आणि भरलेला भाग पूर्ण अभेद्य ठेवायचा, आणि मानेचा तेवढा तुकडा अर्धपारदर्शक करायचा, म्हणजे मागचं दृश्य तिच्यातून तपकिरी छटेत झिरपेल, बाह्यरेषा मात्र मूळचीच. फोटो काढताना मागे पांढऱ्याऐवजी मध्यम करडा कागद लावला तर निम्मं काम तिथेच होतं, शिवाय पांढऱ्या लेबलाची कड पांढऱ्या कागदात मिसळून पार्श्वभूमीबरोबर कापली जाण्याचा धोकाही टळतो. पूर्ण पारदर्शक वस्तू असेल, मधाची बाटली किंवा तेल, तर मात्र खटाटोप करू नये. सरळ बाटली घेऊन किनाऱ्यावर जावं.

बाटली घेऊन किनाऱ्यावरच जावं, बाकी सगळी लबाडी आहे, असं म्हणणारा दुसरा एक पक्ष आहे, आणि तो बहुधा फोटोग्राफरांचा असतो. त्यांचं म्हणणं : जे टेबल नव्हतंच, जी संध्याकाळ झालीच नाही, ती दाखवणं ही फसवणूक. हे पटत नाही. जाहिरातीतलं टेबल कधीच विक्रेत्याच्या घरचं नव्हतं. स्टुडिओत प्लायवूडवर लाकडाचा कागद चिकटवून ते पूर्वीही बनवत होते आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या करतो ती वस्तूचं खोटं वर्णन, खोटी हमी, तिचं स्वरूप, प्रमाण वा दर्जा यांविषयी ग्राहकाची दिशाभूल, या अंगानं. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण उत्पादकाला पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. कसोटी वस्तूविषयी आहे, पाठीमागच्या आभाळाविषयी नाही. गूगलच्या खरेदीच्या पानांवर एआयनं बनवलेली चित्रं चालतात. अट एवढीच की ती एआयनं बनल्याची खूण फाइलच्या मेटाडेटामध्ये राहू द्यायची, पुसायची नाही. अ‍ॅमेझॉन मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमी मागतं आणि वस्तूनं चौकटीचा 85 टक्के भाग व्यापावा असं सांगतं. दृश्यातला फोटो त्यानंतरच्या जागांवर. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते : एक फोटो साक्षीचा, बाकीचे सजावटीचे, आणि सजावटीच्या फोटोतही साक्ष मोडायची नाही.

फोटोग्राफरांच्या म्हणण्यात एक मुद्दा मात्र आहे, आणि तो त्यांनी स्वतः नीट मांडलेला नाही. लेबलाचा एकही पिक्सेल न हलवता, आकाराची कड न हलवता, वस्तूबद्दल खोटं बोलता येतं. माप चुकवून. बाटली 29 सेंटिमीटरची आहे हे मॉडेलला माहीत नाही. ते शेजारी लिंबाएवढे नारळ ठेवील किंवा बाटलीच्या दुप्पट लांबीचा चमचा ठेवील. पहिल्यात बाटली घागरीएवढी मोठी वाटते, दुसऱ्यात अत्तराच्या कुपीएवढी. मोठी वाटणं हे प्रमाणाविषयीचं दिशाभूल करणारं चित्र, आणि शून्य-तपासणी पास झाली हा त्यावर बचाव होत नाही. इथे तोंडी सूचना पुन्हा कुचकामी, कारण ‘योग्य मापात काढ’ म्हटल्यानं मॉडेलला सेंटिमीटर कळत नाहीत. ज्याचं माप सगळ्यांना ठाऊक आहे अशी एक खरी वस्तू, स्टीलची वाटी किंवा घरातला चमचा, बाटलीसोबतच उभी करून फोटो काढावा आणि दोन्ही मिळून एकच थर मानावा. आता मापाची साक्ष फोटोतच आली, आणि एआयनं बाजूला काहीही मांडलं तरी ते त्या वाटीशी ताडून पाहता येतं. वाटीपेक्षा लहान नारळ दिसला की दृश्य बाद.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा : एवढं सगळं करायला वेळ कोणाला आहे, आणि कळंबची एकटी विक्रेती मास्क आणि आज्ञावली घेऊन बसणार आहे का? बसायची गरज नाही. करड्या कागदापुढे, सावलीत, बाटलीच्या मध्यावर कॅमेरा धरून वाटीसकट काढलेला एक चांगला फोटो आणि त्यातून नीट कापलेला एक थर, हे काम एकदाच होतं. तो थर दिवाळीला, नाताळला, आगोटीच्या खरेदीला, प्रत्येक नव्या दृश्यावर तसाच बसतो. लेबल बदललं तरच पुन्हा काढायचा. दर वेळी नव्यानं चित्र काढून घेऊन त्यातलं लेबल भिंगातून वाचण्यापेक्षा यात वेळ कमीच जातो. आणि काम बाहेरून करून घेत असाल, तर करून देणाऱ्याकडे चपटं जेपीईजी मागू नका. तीन फाइली मागा : बाटलीचा पारदर्शक पीएनजी, मागचं रिकामं दृश्य आणि दोन्ही जुळवलेलं अंतिम चित्र. ज्यानं लेबल एआयकडून रंगवून घेतलं असेल, त्याला पहिली फाइल देता येईल, कारण ती तुमच्याच फोटोतून निघते. पण ती अंतिम चित्रावर ठेवून पाहिली की दोन लेबलं एकमेकांवर बसणार नाहीत. त्या फाइली हातात आल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नयेत.